पीडीएफचं मार्जिन कापलं तरी मोबाईलवर अक्षर बारीकच दिसतंय? या क्रमाने तपासा

आमच्या अभ्यासिकेत दर आठवड्याला कोणी ना कोणी मोबाईल पुढे करून विचारतं, दादा ही पीडीएफ वाचताच येत नाही, क्रॉप केलं तरी तशीच दिसते. कधी जुनं स्कॅन केलेलं पुस्तक असतं, कधी कुणाचा प्रबंध, कधी क्लासच्या नोट्स. तक्रार एकच असली तरी कारणं चार-पाच आहेत आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच काम होतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं ते ठरवा

- प्रत्येक पानावर दोन बोटांनी झूम करावं लागतं आणि पान उलटलं की पुन्हा लहान होतं.
- अ‍ॅपमध्ये ऑटो क्रॉप चालू केलं पण काहीच फरक नाही, किंवा एखाद्या पानावर फरक आणि पुढच्या दहा पानांवर नाही.
- क्रॉप झालं पण एका आड एक पानावर ओळीचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर कापलं जातं.
- अर्ध्या पुस्तकापर्यंत सगळं छान, मग अचानक कापाकापी सुरू.
- लॅपटॉपवर कापलेलं दिसतं, मोबाईलवर तीच फाईल उघडली की मार्जिन परत हजर.

कापून किती फायदा होणार ते आधी मोजा

हे मी मुद्दाम आधी सांगतो कारण लोकांची अपेक्षाच चुकीची असते. साडेसहा इंची मोबाईल उभा धरला की स्क्रीनची रुंदी साधारण ६.८ सेंमी. ए-फोर पान २१ सेंमी रुंद. म्हणजे पान जवळपास एक तृतीयांश होऊन दिसतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं, औषधाच्या पाकिटावरच्या बारीक मजकुराहूनही लहान.

आता प्रबंधात डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच मार्जिन आहे असं धरा. मजकूर उरतो १४.६ सेंमी रुंद. मार्जिन पूर्ण काढलं तरी अक्षर होतं साडेपाच पॉइंटच्या आसपास. म्हणजे दीडपटही फायदा नाही, उभ्या मोबाईलवर हे आरामात वाचता येणारच नाही, तुम्ही कितीही चांगलं अ‍ॅप घ्या. पण कापून मोबाईल आडवा केलात तर रुंदी मिळते १५ सेंमी आणि अक्षर छापील आकाराएवढं दिसतं. तेव्हा ए-फोरवर टाईप केलेल्या मजकुराला उपाय म्हणजे क्रॉप अधिक आडवा मोबाईल, एकट्या क्रॉपवर भागत नाही.

खरी मजा येते डेमी आकाराच्या पुस्तकात. आपली बरीच मराठी पुस्तकं डेमीत असतात, आणि कोणीतरी ती ए-फोरच्या स्कॅनरवर ठेवून पूर्ण काच स्कॅन केलेली असते, त्यामुळे पुस्तक मधे आणि चारी बाजूंनी पांढरं रान. मजकूर असतो दहा-साडेदहा सेंमी रुंद. इथे कापलं की अक्षर थेट दुप्पट होतं, ११ पॉइंटचं अक्षर उभ्या मोबाईलवरही ७ पॉइंटचं दिसतं, ते चालतं. तुमची फाईल कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा, मग पुढे किती खटपट करायची ते ठरवता येईल.

पहिली तपासणी: फाईल कशात उघडताय?

फुकट आणि एका मिनिटाची. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फाईलवर टॅप केलं की जे उघडतं, किंवा ड्राईव्हमधलं प्रिव्ह्यू, त्यात मार्जिन कापायची सोयच नसते. अशा ठिकाणी सेटिंग शोधत बसू नका. फाईल मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि ReadEra, Librera किंवा KOReader मध्ये उघडा. तिन्हींमध्ये मार्जिन कापायची सोय आहे आणि तिन्ही फुकट मिळतात. फाईलला हात लागत नाही, फक्त दाखवताना कापलं जातं, त्यामुळे बिघडायची भीती नाही.

नवीन माणसाला मी ReadEra देतो, कारण त्यात मार्जिन कापायचा पर्याय लगेच सापडतो. KOReader दिसायला रुक्ष आहे, पण ऑटो क्रॉप फसलं की हाताने चौकट ओढायची त्यातली सोय मला जास्त भरवशाची वाटते. वाचताना खालच्या बाजूला टॅप केलं की मेनू येतो, त्यात पान कापण्याचा पर्याय आहे, ऑटो किंवा मॅन्युअल.

इथे बरेच जण विचारतात की क्रॉप कशाला, अक्षर मोठं करून ओळी नव्याने लावणारा रीफ्लो मोड वापरू की. इंग्रजी पुस्तकाला जरूर वापरा. मराठीत आधी एक चाचणी करा, एक परिच्छेद कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. श्री-लिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये डीटीपी केलेलं असेल तर मराठीऐवजी चित्रविचित्र रोमन अक्षरं आणि चिन्हं येतील. रीफ्लो हाच आतला मजकूर उचलून दाखवतो, म्हणून तिथेही तोच कचरा दिसणार. युनिकोड फाईलमध्येसुद्धा वेलांटी भलत्या अक्षराला चिकटणं, जोडाक्षर फुटणं हे होतं. आणि स्कॅन असेल तर कॉपी करायला मजकूरच नाही. क्रॉपमध्ये पान जसं छापलंय तसंच्या तसं राहतं, म्हणून मराठी पीडीएफला क्रॉपच भरवशाचं.

दुसरी तपासणी: मार्जिनमध्ये काय पडलंय ते डोळ्यांनी बघा

ऑटो क्रॉप चालत नाही याचं सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण हे. अ‍ॅप काय करतं, तर पानावर सगळ्यात डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली जिथे जिथे काळं काही सापडतं तिथपर्यंत मजकूर आहे असं धरतं. आता कोपऱ्यात ग्रंथालयाचा गोल शिक्का असेल, कडेला स्कॅनरच्या झाकणाची काळी पट्टी असेल, कुणी पेन्सिलीने समासात रेघ ओढली असेल, अगदी धुळीचा एक ठिपका असेल, तरी अ‍ॅपच्या दृष्टीने तो मजकूरच. मग कापायला उरतंच काय?

पान चांगलं मोठं करून चारी कडांवरून बोट फिरवून बघा. ठिपका किंवा पट्टी सापडली की ऑटोचा नाद सोडा आणि मॅन्युअल चौकट लावा. चौकट लावताना पहिलं पान किंवा अनुक्रमणिका घेऊ नका, मधलं कुठलं तरी गच्च भरलेलं पान घ्या. आणि वर रफार-वेलांटीला, खाली उकाराला थोडी जागा ठेवा, कारण पानाच्या शेवटच्या ओळीतला ‘कु’चा उकार कापला गेला की तो ‘क’ वाचला जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

पानाचा नंबर आणि वरची शीर्षकाची ओळ ठेवायची का? मी कापून टाकतो. उभ्या मोबाईलवर रुंदी महत्त्वाची, आणि नंबर तळाला एकटाच असला तर त्याच्यापायी दोन सेंमी पांढरी जागा राहते. पण तुम्हाला संदर्भ म्हणून पृष्ठ क्रमांक लिहायचे असतील तर ठेवा.

तिसरी तपासणी: सम आणि विषम पानं

एका आड एक पान कापलं जात असेल तर हेच. पुस्तकात बांधणीच्या बाजूला मार्जिन जास्त सोडतात, त्यामुळे एका पानावर मजकूर उजवीकडे सरकलेला आणि पुढच्यावर डावीकडे. सगळ्या पानांना एकच चौकट लावली की एकतर अक्षरं कापणार किंवा चौकट रुंद ठेवावी लागणार.

मॅन्युअल क्रॉप करताना लागोपाठची दोन पानं घ्या, म्हणजे समजा फाईलमधलं ४१ आणि ४२, दोन्हीवर वेगवेगळी चौकट लावा, आणि मग ४३, ४४ वर ती बरोबर बसते का बघा. बसली नाही तर तुमचं अ‍ॅप सम-विषम वेगळं धरत नाही, पुढच्या पायरीवर जा.

अर्ध्या पुस्तकापर्यंत छान आणि मग कापाकापी, याचं कारणही इथेच आहे. स्कॅन करणाऱ्याने मधे एक पान दोनदा स्कॅन केलंय किंवा एक पान सुटलंय. तिथून पुढे छापील डावी पानं फाईलमध्ये उजव्या पानांच्या जागी येतात आणि दोन्ही चौकटी उलट्या लागतात. ओळखायचं कसं, तर छापील पृष्ठ क्रमांक आणि फाईलमधला क्रमांक यांच्यातला फरक बघा. सुरुवातीला फरक ८ असेल आणि पान ९६ नंतर ९ झाला, तर गडबड तिथेच. दुप्पट आलेलं पान काढून टाका, सुटलं असेल तर तिथे एक कोरं पान घाला, क्रॉप आपोआप जागेवर येतं.

आणि एकाच पानात पुस्तकाची दोन पानं शेजारी शेजारी दिसत असतील तर क्रॉपच्या आधी ती मधून वेगळी करावी लागतात. Librera मध्ये असं अर्धं अर्धं पान दाखवायची सोय आहे. ते न करता नुसतं मार्जिन कापलं तर काही उपयोग नाही, रुंदी दोन पानांचीच राहते.

चौथी तपासणी: लॅपटॉपवर फाईलच कापायची

इथपर्यंत झालं नाही, किंवा तीच फाईल दहा जणांना पाठवायची आहे, तर लॅपटॉप उघडा. मूळ फाईलची कॉपी करून कॉपीवरच काम करा.

कमांड टाईप करायची सवय नसेल तर Briss वापरा. जावावर चालतं, फुकट आहे. त्याची युक्ती मस्त आहे, सगळी सम पानं एकावर एक ठेवून एक पारदर्शक चित्र करतं आणि विषम पानांचं दुसरं, मग मजकुराचा ठोकळा गडद दिसतो आणि एखाद-दुसऱ्या पानावरचा शिक्का फिकट. गडद ठोकळ्याभोवती चौकट ओढायची आणि क्रॉप म्हणायचं. मुखपृष्ठ, नकाशे अशी वेगळी पानं सुरुवातीलाच वगळता येतात, ती वगळाच.

कमांड चालत असेल तर पायथनमधलं हे:

```
pip install pdfCropMargins
pdfcropmargins -v -e -p 5 pustak.pdf
```

-e म्हणजे सम आणि विषम वेगळं कापा, -p 5 म्हणजे मूळ मार्जिनच्या ५ टक्के राहू द्या. हे शून्य केलं की अक्षर स्क्रीनच्या कडेला चिकटतं आणि मोबाईलचं कव्हर आडवं येतं. शेजारी नवी फाईल तयार होते, नावाच्या शेवटी _cropped लागतं.

एक ताजं उदाहरण सांगतो. डेमी पुस्तक, ए-फोरवर स्कॅन, पान ५९५ पॉइंट रुंद (७२ पॉइंट म्हणजे एक इंच). विषम पानांवर मजकूर १५० ते ४५० मध्ये आणि सम पानांवर ११८ ते ४१८ मध्ये. दोन्हीकडे रुंदी ३०० पॉइंट. सगळ्यांना एकच चौकट लावायची तर ती ११८ ते ४५० घ्यावी लागते, म्हणजे ३३२, आणि अक्षर मोठं होतं १.८ पट. वेगवेगळं कापलं तर जवळपास २ पट. फार नाही वाटत पण सातपॉइंटी अक्षरावर डोळ्यांना तो फरक कळतो.

पण वरची कमांड चालवल्यावर पहिल्यांदा विषम पानं एका बाजूला कापलीच गेली नव्हती. कारण तेच, पाच विषम पानांवर कडेला ग्रंथालयाचा शिक्का. -e मध्ये गटातल्या सगळ्यात रुंद पानाला सांभाळून कापलं जातं, एका पानाने सगळ्यांना अडवलं. मग हे:

```
pdfcropmargins -v -e -m 6 -t 150 pustak.pdf
```

-m 6 म्हणजे प्रत्येक बाजूला सगळ्यात जास्त पसरलेली सहा पानं हिशोबात धरू नका. -t म्हणजे किती गडद असेल तर मजकूर मानायचं ती मर्यादा, ० काळा आणि २५५ पांढरा, मुळात १९१ असते. जुना कागद पिवळसर-करडा स्कॅन झालेला असला की कागदच मजकूर समजला जातो, म्हणून खाली आणायची. फार खाली नेली तर फिकट छपाईची अक्षरं मार्जिन समजून कापली जातात, दहा-दहाने कमी करा. -m वापरल्यावर तक्ते आणि नकाशे असलेली पानं मात्र एकदा चाळून बघाच, ती खरोखर रुंद असतात आणि तीच कापली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

pdfcrop नावाचं टूलही बरेच जण सुचवतात. टाईप केलेल्या पीडीएफला छान आहे. स्कॅनला मात्र ते बहुतेक फसतं, कारण स्कॅनचं अख्खं पान म्हणजे एकच चित्र, आणि टूल त्या चित्राची कड हीच मजकुराची कड धरतं.

पाचवी तपासणी: लॅपटॉपवर कापलेलं, मोबाईलवर नाही

आधी साधी शंका काढा, मोबाईलवर जुनीच फाईल उघडली जात नाहीये ना. डाउनलोडमध्ये एकाच नावाच्या तीन फायली पडलेल्या असतात आणि अ‍ॅप अलीकडच्या यादीतून पहिलीच उघडतं. नाव बदलून पुन्हा पाठवा.

तरी तसंच असेल तर कारण पीडीएफच्या आत आहे. पानाला एकाहून जास्त चौकटी असतात, MediaBox म्हणजे पूर्ण कागद आणि CropBox म्हणजे त्यातला दाखवायचा भाग. काही प्रोग्रॅम, उदाहरणार्थ मॅकचं प्रिव्ह्यू, फक्त CropBox बदलतात. मोबाईलवरचं अ‍ॅप ती न बघता MediaBox दाखवत असेल तर मार्जिन परत दिसणार. तपासायला:

```
pdfinfo -box -f 41 -l 41 pustak2.pdf
Page   41 MediaBox:   0.00    0.00  595.00  842.00
Page   41 CropBox:  150.00  140.00  450.00  702.00
```

दोन ओळींतले आकडे असे वेगळे दिसले की दुखणं सापडलं. मूळ फाईलवर pdfcropmargins चालवा, ते दोन्ही चौकटी बदलतं.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. कापलेला भाग पुसला जात नाही, फक्त झाकला जातो. म्हणूनच कापून फाईलचा साईझ कमी होत नाही. आणि म्हणूनच समासात कुणाचा फोन नंबर किंवा आधार क्रमांक लिहिलेला असेल तर तो कापला म्हणजे गेला असं समजून फाईल ग्रुपवर टाकू नका, कोणीही चौकट परत मोठी करून वाचू शकतं.

इथे थांबा

डिजिटल सही असलेली कागदपत्रं, म्हणजे सातबारा, दाखले, कोर्टाचे आदेश, यांची फाईल कापू नका. फाईल बदलली की सही तपासताना अवैध दाखवते आणि कार्यालयात परत पाठवतात. वाचायची असेल तर अ‍ॅपमधलं क्रॉप वापरा, त्याने फाईल बदलत नाही. ओळखपत्रं, बँकेची स्टेटमेंट असलं काही ऑनलाईन क्रॉप करून देणाऱ्या साईटवर चढवू नका.

पानं तिरकी स्कॅन झाली असतील तर चौकट कशीही लावा, एका बाजूला मार्जिन राहतंच. थोडी पानं असतील आणि हौस असेल तर ScanTailor मध्ये सरळ करता येतात, पण तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे पूर्ण रविवार जातो आणि नवीन माणूस मधेच कंटाळतो. त्यापेक्षा मूळ पुस्तक हाताशी असेल तर चांगल्या स्कॅनिंग करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे द्या. त्याला नुसतं स्कॅन करा असं सांगू नका, ३०० डीपीआयला, पान सरळ करून, पुस्तकाच्या कडेपर्यंतच कापून आणि एका पानाला एक पान असं हवं, हे चारही सांगा आणि आधी दहा पानं करून मागा, मोबाईलवर उघडून बघा, मग उरलेलं द्या.

बांधणीच्या खाचेत ओळीची अक्षरं गेली असतील, तर ती फाईलमध्ये नाहीतच, तिथे कुठलंही टूल किंवा दुकानदार काही करू शकत नाही, पुस्तक पुन्हा उघडून स्कॅन करणं एवढंच. आणि पुस्तक दुर्मिळ, कागद तुटणारा असेल तर झेरॉक्सच्या दुकानात काचेवर दाबून घेऊ नका, ज्या ग्रंथालयाचं आहे त्यांनाच वरून फोटो काढणाऱ्या स्कॅनरची सोय आहे का विचारा.

विचारायचं असेल तर फाईलचं पान ४०-५० च्या आसपासचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, मोबाईलवर वापरता ते अ‍ॅप आणि जमलं तर pdfinfo चे आकडे पाठवा, नुसतं ‘क्रॉप होत नाही’ यावरून मला काही सांगता येत नाही.